धागा: सप्टेंबरचं बिल १८ टक्क्यांचं, माल परत नोव्हेंबरात. क्रेडिट नोट कोणत्या दराने, आणि पुढच्या बिलात कशी धरायची?

पाचोरा_किराणा

सर्वांना नमस्कार. जळगावच्या एका होलसेल व्यापाऱ्याकडून ८ सप्टेंबर २०२५ ला केसांचं सुगंधी तेल घेतलं. ६ पेट्या, एका पेटीत २४ बाटल्या. भाव १०० रुपये नग, बिलातच ५ टक्के सूट, म्हणजे ९५ रुपये पडले. त्यावर १८ टक्के जीएसटी. बिल क्रमांक ११८७, पैसे ऑक्टोबरात पूर्ण दिले.

दिवाळीनंतर शेवटच्या पेट्या फोडल्या तर एक पूर्ण पेटी आणि दुसरीतल्या ६ बाटल्या झाकणातून गळक्या निघाल्या. १४ नोव्हेंबरला ३० नग त्यांच्याच टेम्पोने परत पाठवले. सेल्समनने जुन्या बिलाच्या मागे "३० नग परत" लिहून सही केली. बाकी कागद नाही.

आता नवा माल यायचा आहे, कराआधी २०,००० चा. त्यांचे मुनीम म्हणतात, "वेगळी नोट कशाला? नव्या बिलात तेवढा माल मायनस करून देतो, आणि तेलाला आता ५ टक्के आहे म्हणून ५ नेच." मला क्रेडिट नोट लेखी मागायची आहे. काय मागू आणि कसं लिहू? माझं जीएसटी नियमित आहे, कंपोझिशन नाही.

भुसावळ_ट्रेडर्स

सोपं आहे. तुम्हीच जीएसटीसकट डेबिट नोट फाडा आणि पाठवून द्या, नवं बिल आलं की तेवढे कापून चेक द्या. आणि मुनीम बरोबर बोलतात. २२ सप्टेंबरपासून तेल ५ टक्क्यांत आलं, परतीचा व्यवहार नोव्हेंबरचा, मग दर आजचाच लागणार.

खतावणी_जळगाव

भुसावळवाले भाऊ, डेबिट नोट पाठवा हे बरोबर, पण तिच्याने कर फिरत नाही. जीएसटीत माल परत आला की क्रेडिट नोट पुरवठादारानेच काढायची असते, कलम ३४ तसंच आहे. दुकानदाराची डेबिट नोट म्हणजे त्याच्या वहीतली नोंद आणि समोरच्याला केलेली मागणी. ती पोर्टलवर कुठेच चढत नाही. होलसेलरने आपल्या जीएसटीआर-१ मध्ये क्रेडिट नोट दाखवली तरच त्याचा कर कमी होतो आणि तुमच्या २बी मध्ये ती दिसते.

दराचं म्हणाल तर क्रेडिट नोट हा नवा व्यवहार नाही, जुन्या बिलाची दुरुस्ती आहे. त्या बिलात जो कर लावला तोच मागे घ्यायचा. बिल २२ सप्टेंबरच्या आधीचं, म्हणून १८. आकडे मांडून बघा:

३० नग × ९५ = २,८५०
१८ टक्के = ५१३ (केंद्राचे २५६.५०, राज्याचे २५६.५०)
क्रेडिट नोट एकूण = ३,३६३

नवं बिल: २०,००० + ५ टक्के १,००० = २१,०००
द्यायची रक्कम: २१,००० − ३,३६३ = १७,६३७

मुनीमजींच्या पद्धतीने नवं बिल २०,००० − २,८५० = १७,१५० वर होईल, त्यावर ५ टक्के ८५७.५०, म्हणजे १८,००७.५०. तुम्हाला ३७०.५० जास्त द्यावे लागतील. ते गेले कुठे? जुन्या १८ टक्क्यांच्या बिलावर घेतलेलं ५१३ चं आयटीसी तुमच्याकडे तसंच राहिलं, आणि नव्या बिलावर जे १,००० मिळायचं ते ८५७.५० मिळालं. म्हणजे दुकानात नसलेल्या ३० बाटल्यांचं ३७०.५० चं आयटीसी तुमच्या खात्यात पडून आहे. आज फुकटात मिळाल्यासारखं वाटेल. तपासणीत जुनं बिल, परतीची नोंद आणि नवं बिल शेजारी ठेवली की ते व्याजासकट भरायला लागू शकतं.

नव्या बिलातून माल वजा करण्यातली दुसरी चूक याहून मोठी आहे. २०,००० चा माल दुकानात उतरला आणि बिल १७,१५० चं. साठ्याचा आणि बिलाचा मेळ दोघांकडेही लागत नाही. नवं बिल नेहमी पूर्ण रकमेचं, पूर्ण कराचं हवं. नोट फक्त पैसे देताना त्यातून वळती करायची.

चोपडा_जनरल

मना बी हाऊच सवाल शे भाऊ. पण आम्ही कंपोझिशनमध्ये आहोत. आम्हाला आयटीसी मिळतच नाही, मग १८ काय नि ५ काय, काय फरक?

खतावणी_जळगाव

चोपडावाले दादा, खरा फरक तुम्हालाच पडतो. पाचोऱ्याच्या दुकानाला ५ टक्क्यांची नोट मिळाली तर रोखीत ३७०.५० कमी, पण खात्यात तेवढं आयटीसी जास्त राहतं. चुकीचं, पण राहतं. तुम्ही १८ टक्के कर किमतीत धरून खिशातून भरला. नोट ५ टक्क्यांची घेतली तर ३७०.५० तुमचे सरळ बुडाले, बदल्यात काहीच नाही. तुम्ही १८ चा आग्रह धराच. वळतं करायला तुमच्याकडे आयटीसी नाही, त्यामुळे तुमच्या बाजूला पोर्टलचं कामही राहत नाही.

दाणाबाजार_होलसेल

होलसेलवाल्याची बाजूही ऐका. २२ सप्टेंबरला आमच्या गोदामात १८ टक्क्याने घेतलेला माल होता, तो ५ टक्क्याने विकला. प्रत्येकाच्या क्रेडिट लेजरमध्ये आयटीसी साचून बसलंय. ते हळूहळूच वापरात येतं, रोख परत मिळत नाही. आता १८ ची नोट दिली तर आमचा ५१३ कर कमी होतो हे खरं, पण तो आधीच साचलेल्या ढिगात जाऊन पडतो, आणि समोरच्याला ३७०.५० आम्ही खऱ्या रोखीत जास्त देतो. मुनीम ५ वर अडतात ते यामुळे, अडाणीपणामुळे नाही. कायद्याने दर १८ च, हे मला मान्य आहे.

पण एक विचारतो. बाटल्या सप्टेंबरात उतरल्या, गळकी पेटी नोव्हेंबरात कळली. पेटी गोदामात उलटी ठेवली, वर वजन ठेवलं, तर झाकण आमच्यामुळे गळलं का? उतरवताना खोक्याला तेलाचा डाग असेल तर तिथेच ट्रान्सपोर्टच्या पावतीवर शेरा मारायला हवा. शेरा असेल तर आम्ही डोळे मिटून नोट देतो.

पाचोरा_किराणा

शेठ, मुद्दा मान्य. खोका बाहेरून कोरडा होता, आतल्या पुठ्ठ्याला डाग होते. सहाही पेट्यांचा बॅच एकच आणि गळकी झाकणं सगळी एकाच प्रकारची. बॅच नंबर लिहून फोटो काढून ठेवले आहेत.

दाणाबाजार_होलसेल

बॅच नंबर असेल तर आम्हालाही कंपनीकडे क्लेम करता येतो. मागणीत तो आवर्जून लिहा. आमच्याकडे अर्ध्याहून जास्त परती यावरच अडकतात.

पारोळा_वस्त्रभांडार

आमचंही हेच होतं. सुरतहून साड्या येतात, ५-१० नग डागी निघतात. परत पाठवले की व्यापारी दलालाकरवी सांगतो, पुढच्या बिलात वटाव जास्त लावून देतो. यात क्रेडिट नोट लागते का? आणि माल परत पाठवताना ई-वे बिल?

खतावणी_जळगाव

लागते. जास्त वटाव लावून परतीची भरपाई केली तर परतीची नोंद कुठेच राहत नाही, आणि डागी साड्या तुमच्या साठ्यात कागदावर तशाच उरतात. सुरत म्हणजे परराज्य, तेव्हा तुमच्या नोटेवर आयजीएसटी येईल, केंद्र-राज्य असा वेगळा नाही. साडीला दर बदललेला नाही, त्यामुळे १८-५ चा वाद तुम्हाला नाही.

ई-वे बिल परराज्यात ५०,००० च्या वर, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर. ५-१० साड्यांना बहुतेक लागणार नाही, पण डिलिव्हरी चलन सोबत द्याच. त्यावर मूळ बिलाचा क्रमांक घाला, नाहीतर बिल्टीवर नुसतं "साड्या १ डाग" असतं आणि सहा महिन्यांनी कोणत्या बिलातल्या ते कोणालाच सांगता येत नाही.

भुसावळ_ट्रेडर्स

माझं दराबाबत चुकलं, मान्य. पण दुकानदार स्वतः बिल फाडूनही माल परत करू शकतो ना? औषधवाले करतात.

खतावणी_जळगाव

करू शकतो. २०१८ च्या ऑक्टोबरात परिपत्रक आलं, क्रमांक ७२. मुदत संपलेल्या औषधांसाठी, पण इतर कारणाने परत होणाऱ्या मालालाही तेच लागू होतं. नियमित दुकानदार परतीचा माल नवा पुरवठा मानून स्वतःचं टॅक्स इनव्हॉइस देऊ शकतो, कंपोझिशनवाला बिल ऑफ सप्लाय देतो. पण तो नवा पुरवठा असल्यामुळे दर त्या दिवशीचा, म्हणजे ५. तुमचा "आजचा दर" याच मार्गात बरोबर आहे. क्रेडिट नोटेच्या मार्गात नाही. दोन्ही एकाच मालाला मात्र कधी करू नका, तीच परत दोनदा धरली जाते.

पाचोऱ्याच्या बाबतीत क्रेडिट नोटच बरी. मुदतही भरपूर आहे: २०२५-२६ मधल्या बिलाची नोट ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत विवरणात दाखवता येते, त्याआधी वार्षिक विवरण भरलं असेल तर त्या तारखेपर्यंत. त्यानंतर करासकटची नोट निघत नाही, फक्त पैशाची, कर न धरता.

मागणीचा मसुदा देतो. फोनवर बोलून झालं तरी हे व्हॉट्सॲपवर किंवा कागदावर पाठवा:

> मा. शेठजी, सा. न.
>
> आपल्या बिल क्र. ११८७, दि. ८ सप्टेंबर २०२५ मधील केसतेलाच्या ६ पेट्यांपैकी ३० नग (१ पेटी २४ नग व सुटे ६ नग) झाकणातून गळके निघाले. बॅच क्रमांक व फोटो सोबत आहेत. हा माल दि. १४ नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्या टेम्पोने परत दिला असून आपल्या सेल्समनची पोच सोबत जोडली आहे.
>
> बिलातील सूट वजा जाता भाव ९५ रुपये नग, करपात्र रक्कम २,८५०, मूळ बिलाप्रमाणे जीएसटी १८ टक्के ५१३, एकूण ३,३६३ रुपये. या रकमेची क्रेडिट नोट मूळ बिलाचा क्रमांक व तारीख घालून द्यावी व नोव्हेंबरच्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवावी.
>
> पुढील बिल पूर्ण रकमेचे करावे. त्याचे पैसे देताना ही नोट वळती करून उरलेली रक्कम देऊ. नोट पोर्टलवर दिसताच आम्ही ती स्वीकारून आमचे आयटीसी कमी करू.
>
> आपला,

शेवटचं वाक्य सोडू नका. १ ऑक्टोबर २०२५ पासून नियम असा, की घेणाऱ्याने आयटीसी घेतलेलं असेल आणि ते परत केलं नाही, तर विकणाऱ्याला नोटेवरचा कर कमी करता येत नाही. होलसेलर आता नोट द्यायला बिचकतात त्याचं हेही कारण आहे. दुकानदार गप्प बसला तर फटका त्यांना. लेखी हमी दिली की निम्मं बोलणं तिथेच संपतं.

धुळे_अकाउंट्स

मसुदा छान. ९५ चा भाव धरला हे सगळ्यात महत्त्वाचं. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या डेबिट नोटा १०० च्या भावाने असतात, काही तर एमआरपीने. बिलात दिलेली सूट नोटेतही वजा व्हायला हवी. "१२ वर १ फुकट" अशा स्कीमचा माल असेल तर फुकट नगाचा हिशेबही आधी ठरवून घ्या.

टॅली प्राइममधलं सांगतो, कारण वळतं करताना घोळ तिथेच होतो. होलसेलर क्रेडिट नोट `Alt+F6` ने टाकेल, मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख भरून. पाचोऱ्याचं मूळ बिल फेडून झालंय, म्हणून बिलवार तपशिलात `Agst Ref` ११८७ देऊ नका, ते खातं तिथे उलट उभं राहतं. `New Ref` निवडा आणि नोटेचाच क्रमांक द्या. दुकानदार `Alt+F5` ने डेबिट नोट टाकेल, तिथेही होलसेलरच्या नोटेचा क्रमांक आणि तारीख.

मग पैसे देताना `F5` पेमेंटमध्ये १७,६३७ टाकून दोन्ही संदर्भ `Agst Ref` ने उचला, नवं बिल २१,००० आणि नोट ३,३६३. `On Account` ठेवलंत तर दोन्ही येणी-देणी उघडी राहतात आणि पुढच्या महिन्यात सेल्समन पूर्ण २१,००० ची यादी घेऊन दारात उभा राहतो.

होलसेलरची उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर क्रेडिट नोटेलाही ई-इनव्हॉइसचा आयआरएन लागतो. नुसती हाताने लिहिलेली नोट चालणार नाही.

चोपडा_जनरल

आमच्या व्यापाऱ्याने पोर्टलवर नोट दाखवली की नाही हे आधी कसं कळतं?

खतावणी_जळगाव

नियमित दुकानदाराला आयएमएस मध्ये दिसते, समोरच्याने जीएसटीआर-१ मध्ये भरली की. नोव्हेंबरची नोट मासिकवाल्याने ११ डिसेंबरपर्यंत भरली तर १४ डिसेंबरच्या २बी मध्ये येईल. पाचोरावाले, तुमचं विवरण तिमाही असेल तर तुमची २बी तिमाहीची जानेवारीत बनेल, त्याआधी घाबरू नका. तिथे बघायच्या तीन गोष्टी: नोट क्रेडिट नोटांच्या यादीत आहे का, कराची रक्कम ५१३ आहे का, आणि नवं बिल २०,००० चंच आहे का. नवं बिल १७,१५० चं दिसलं आणि नोट कुठेच नाही, तर मुनीमजींनी मायनस करूनच टाकलं असं समजा. त्यांचं ३बी अजून भरायचं असेल तर जीएसटीआर-१ए मधून त्याच महिन्यात दुरुस्त होतं, नाहीतर पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती.

रक्कम चुकीची वाटली तरी आयएमएस मध्ये लगेच नाकारू नका. नाकारलीत की त्यांचा कर पुन्हा वाढतो, आणि कागदाची चूक नात्यात जाते. एका कालावधीपुरती प्रलंबित ठेवता येते, तेवढ्यात फोन करा. काहीच केलं नाही तर ती स्वीकारली असं धरलं जातं.

दाणाबाजार_होलसेल

अजून एक. टेम्पोचं भाडं आणि हमाली नोटेतून कापायची की नाही? आम्ही १५० कापतो.

खतावणी_जळगाव

माल सदोष असेल तर कापू नये असं मी म्हणेन. कापायचंच असेल तर नोटेच्या करपात्र रकमेतून नको. नोट ३,३६३ चीच राहू द्या, भाडं वेगळं नावे टाका. २,८५० चे २,७०० केलेत तर ३० नगांचा भाव ९० होतो आणि तो मूळ बिलाशी जुळत नाही.

धुळे_अकाउंट्स

इथे माझं मत वेगळं आहे. आधीच दोघांत ठरलं असेल, बिलाच्या खाली छापलं असेल, तर कमी भावाने परत घ्यायला काय हरकत? परतीचा भाव दोघांनी ठरवायचा, कर मूळ दराने. करपात्र रक्कम कमी झाली तर आयटीसीही तेवढंच कमी परत होतं.

खतावणी_जळगाव

छापलं असेल तर वाद घालणार नाही. तरी मी अशिलाला वेगळंच नावे टाकायला सांगतो, तपासणीत उत्तर देणं सोपं जातं.

दाणाबाजार_होलसेल

आणि कंपनीने आम्हाला क्लेम दिला तो नुसत्या पैशाची नोट, कर न धरता. माल इथेच नष्ट करा म्हणतात. आम्ही पाचोऱ्याला १८ ने नोट दिली, मग या ३० बाटल्यांवर आमचं आयटीसी?

खतावणी_जळगाव

माल नष्ट केला तर तुम्ही खरेदीला घेतलेलं त्या ३० नगांचं आयटीसी परत करायला लागेल, कलम १७(५) मध्ये नष्ट झालेल्या मालाचं आयटीसी अडवलं आहे. म्हणून कंपनीकडे क्लेम करताना तो कराचा भागही मागा, फक्त खरेदीभाव नको. कंपनी द्यायला बांधील आहे का, ते तुमच्या करारावर.

पाचोरा_किराणा

मसुदा पाठवला. मुनीम १८ ला तयार झाले, पण नोट १ डिसेंबरच्या तारखेने देतो म्हणतात, नोव्हेंबरचं जीएसटीआर-१ त्यांनी आधीच तयार केलंय. नवं बिल २८ नोव्हेंबरचं येतंय. चालेल का?

खतावणी_जळगाव

चालेल. नोटेची तारीख नव्या बिलानंतरची असली तरी पैसे देताना वळती होते. फक्त नोट हातात आल्याशिवाय १७,६३७ चा चेक देऊ नका, आणि तुमची डेबिट नोटही १ डिसेंबरचीच करा.